गूगलला सुतक कळवण्याची रीत

साहित्य : एक खातेदार (जिवंत), त्याचा चार्ज केलेला फोन, विश्वासातला एक नातेवाईक आणि त्या नातेवाइकाचा चालू असलेला मोबाईल नंबर. पहिल्या जिन्नसाबाबत तडजोड चालत नाही. बाकीचे सगळे विधी माणूस गेल्यावर भटजींना बोलावून करता येतात. हा एकच असा, की ज्याचा करायचा त्यानेच आधी बसून करून ठेवावा लागतो.

आम्ही हा विधी हेदवीला, मामांच्या पडवीत, 2021 च्या गणपतीत केला. मामांचं नारळ-सुपारीचं आगर, आणि दशभुज गणेशाच्या दर्शनाला नि बामणघळीतलं उसळतं पाणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या. खोल्यांचं बुकिंग, सुपारीचे हिशेब, अकरा वर्षांचे फोटो, सगळं एका जीमेलमध्ये. मी डोंबिवलीहून आलेला भाचा, म्हणजे आपोआप संगणकतज्ज्ञ. या लेखात ज्या चुका येतील त्या माझ्या आहेत. नवशिक्यांनी त्या क्रमाने करायच्या नाहीत.

फोनवर myaccount.google.com/inactive हा पत्ता उघडावा. ही सोय गूगलने 2013 साली आणली. तिच्या नावात मरणाचा शब्दही नाही, आणि ते केवळ सभ्यतेपोटी नाही. माणूस मेला की नाही हे या यंत्रणेला कळतच नाही. ती दाखला मागत नाही, वारस विचारत नाही. तिला फक्त शांतता ऐकू येते. खातं अमुक महिने गप्प राहिलं, की ती समजते काय समजायचं ते.

म्हणून पहिला प्रश्न येतो तो, किती महिने? तीन, सहा, बारा, अठरा असे पर्याय असतात. मामा विचारात पडले.
"तीन ठेवले आणि मी काशीला गेलो तर?"
"मामा, तुम्ही काशीला गेलात तरी रोज फोटो पाठवाल."
"अरे, पण फोन गंगेत पडला तर? इकडे तुम्ही मला मारून मोकळे!"
तसं होत नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी खातेदाराला त्याच्या नंबरवर एसेमेस आणि मेल येतात, आहात ना म्हणून. त्याने लॉगिन केलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. सहा महिन्यांवर तोडगा निघाला.

दुसरी पायरी, कोणाला कळवायचं. दहाजणांपर्यंत नावं देता येतात आणि प्रत्येकाला काय काय द्यायचं ते वेगळं ठरवता येतं. एकाला फोटो, दुसऱ्याला मेल, तिसऱ्याला नुसती खबर. घरोघरी भांडणं असतात याची गूगलला कल्पना असावी. ज्याला डेटा द्यायचा त्याचा ईमेल आणि मोबाईल नंबर लागतो, कारण पुढे त्या नंबरवर कोड येतो आणि कोड घातल्याशिवाय दार उघडत नाही. मामांनी दोन नावं दिली, माझं आणि दादाचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं. दादाचं नाव मी नको म्हणत होतो. तो मेल उघडत नाही; मेल म्हणजे बँकेची जाहिरात अशी त्याची ठाम समजूत आहे. मामा म्हणाले, "असू दे. घरातला आहे." हा निर्णय पुढे उपयोगी पडला. माझा नंबर मात्र मी तेव्हाच्या नोकरीतल्या सिमचा दिला. तो निर्णयही पुढे येईलच.

एक लक्षात ठेवावं, नाव दिलं त्या माणसाला गूगल त्या वेळी काहीच कळवत नाही. तुम्ही तोंडाने सांगितलं नाहीत, तर त्याला दोन वर्षांनी अचानक मेल येईल आणि तो फसवणूक समजून ती पुसून टाकेल.

तिसऱ्या पायरीवर एक रिकामी चौकट येते. नातेवाइकाला जाणाऱ्या मेलमध्ये तुमचा निरोप लिहायचा असतो. इथे मामांनी चष्मा मागवला, मला उठवलं, आणि एका बोटाने वीस मिनिटं काहीतरी लिहिलं. शेवटी खातं पुढे पुसायचं का, याला त्यांनी 'हो' म्हटलं. पुसतात ते लगेच नाही. नातेवाइकांना डेटा उतरवून घ्यायला तीन महिने मिळतात, मग.

मामा फेब्रुवारी 2023 मध्ये गेले. हिशेबाने ऑगस्टमध्ये मला मेल यायला हवी होती. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. मी समजलो, काहीतरी चुकलं.

मे 2024 मध्ये हेदवीला गेलो तर देवघराशेजारच्या फळीवर मामांचा फोन चार्जिंगला. चकचकीत पुसलेला. मामींनी वर्षभर त्याला एकदाही बंद पडू दिलं नव्हतं. बँकेचे ओटीपी येतात, पाहुण्यांचे फोन येतात, आणि खरं म्हणजे त्यांना तो बंद करवत नव्हता. कोपऱ्यात गूगल फोटोजने सूचना दाखवली होती, पाच वर्षांपूर्वीचा आजचा दिवस.

इथेच सगळ्यांची फसगत होते. खातं जिवंत आहे की नाही हे ठरवताना गूगल फक्त लॉगिन बघत नाही. फोनवरचं जीमेल उघडलं तरी ती हालचाल धरतात. आणि खातं घातलेला अँड्रॉइड फोन कोणी हात न लावताही मधूनमधून गूगलशी आपण होऊन बोलत असतो, तेसुद्धा. फळीवरचा फोन रोज सांगत होता, मामा ठीक आहेत. आमच्या सातबारावर मामांचे आजोबा अजून हयात आहेत, त्यातलाच प्रकार. तिथे निदान वारस नोंदीचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जाता येतं, सहा-क मध्ये नोंद होते, फेरफार निघतो. इथे अर्ज एकच, गप्प बसणे.

तेव्हा नवशिक्यांनी हे करावं. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावं, म्हणजे नंबर चालू राहतो. (तो रिचार्ज करत राहा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि त्याच्याबरोबर तुमचे ओटीपीही.) ज्या फोनवर खातं आहे तो बंद करून कपाटात ठेवावा. खातं दुसऱ्या कुठल्या टॅबवर किंवा नातवाच्या खेळण्याच्या फोनवर घातलेलं असेल, तर तेही बंद. आणि बँकेचा मामला ओटीपीवर रेटू नये. गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढणं हा नॉमिनीने दाखला घेऊन बँकेत जाऊन करायचा व्यवहार आहे.

आम्ही फोन बंद केला. ऑक्टोबरमध्ये मामींचा फोन आला.
"अरे, तुझ्या मामांना इंग्रजीत विचारतायत काहीतरी. वाचून दाखवते."
गूगलचा एसेमेस होता. "मामी, काही दाबू नका."
"नाही दाबत. पण उत्तर काय देऊ?"
"काहीच देऊ नका. तेच उत्तर आहे."

नोव्हेंबरमध्ये मला मेल आली. दुवा उघडला, कोड पाठवला म्हणून सांगितलं, आणि कोड माझ्या जुन्या कंपनीच्या सिमवर गेला. ती नोकरी मी 2022 मध्येच सोडली होती. नंबर बदलायचा अधिकार फक्त खातेदाराला, आणि खातेदाराबद्दल वर लिहिलंच आहे. वर्षातून एकदा, गणपतीत वगैरे, ही यादी उघडून नंबर तपासावेत हे मला तेव्हा सुचलं.

सुदैवाने दादाला तीच मेल आली होती. अर्थात त्याने पाहिली नव्हती. त्याला फोन करून स्पॅमसकट सगळं उघडायला लावलं. त्याचा नंबर दहा वर्षांत बदललेला नाही, कोड आला. मामांचं खातं फुकटातलं, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा जीबी. घरात रेंज माडाखालीच येते, तिथे उभं राहून एवढं उतरवणं म्हणजे पुढचा पावसाळा. चिपळूणला पाहुण्यांकडे वायफायवर एका रात्रीत उतरलं.

यातून मिळते ती प्रत. खातं मिळत नाही. मामांच्या नावाने लॉगिन करता येत नाही, मेल पाठवता येत नाही, पासवर्ड कोणी देत नाही. याचा चटका आम्हाला खोल्यांच्या बाबतीत बसला. नकाशावरची आमची नोंद मामांच्या खात्यावर होती, तिच्यावरचा फोन नंबर दादाला बदलता येईना. मालकी मागितली तर गूगलने रीतसर सध्याच्या मालकाला मेल पाठवून विचारलं, यांना देऊ का? मालकाने काही दिवस उत्तर दिलं नाही तर पुढे कधीकधी हक्क सांगता येतो. मामांच्या हयातीत दादाला दुसरा मालक म्हणून जोडून ठेवलं असतं, तर ते पाच मिनिटांचं काम होतं.

कोणी काहीच लावून ठेवलं नसेल तर? घरच्यांना गूगलकडे कागदपत्रांसह अर्ज करता येतो. खातं बंद होऊ शकतं, क्वचित काही मजकूरही मिळतो, पण देणं-न देणं त्यांच्या हाती. आणि स्वस्थ बसून राहिलात, तर दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण 2023 च्या डिसेंबरपासून लागू आहे. फोटोंसकट.

आयफोनवाल्यांचा विधी तलाठ्याच्या वळणाचा. सेटिंगमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमला की एक किल्ली तयार होते, अक्षरांची नि चौकोनी चित्राची. गेल्यावर ती किल्ली आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही digital-legacy.apple.com वर द्यायचे. मग तीन वर्षं खातं बघता येतं. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. किल्लीचा कागद त्याच आयफोनच्या फोटोंत ठेवू नये. हे सांगायला लागू नये, पण आमच्या वहिनींना सांगावं लागलं.

फेसबुकवर एकच माणूस नेमता येतो. तो मुखपृष्ठावरचा फोटो बदलू शकतो, श्रद्धांजली वर लावू शकतो, खातं काढायला सांगू शकतो. निरोप वाचू शकत नाही. इथे घाई करू नये. कोणीतरी हौसेने 'हे गेले' असं कळवलं की खातं स्मृतिखातं होतं, आणि मग पासवर्ड ठाऊक असूनही आत जाता येत नाही. बर्लिनमधल्या एका मुलीच्या आईवडिलांचं 2012 मध्ये हेच झालं. मुलीचे निरोप वाचायची परवानगी त्यांना जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाकडून 2018 मध्ये मिळाली.

राहता राहिला मामांचा निरोप. मला आलेल्या मेलच्या डोक्यावर तो होता. 2021 च्या गणपतीत एका बोटाने लिहिलेला, ऑगस्ट 2023 मध्ये पोचायचा होता, नोव्हेंबर 2024 मध्ये पोचला. दादाने त्या जानेवारीत आगराचा पंप जळाला म्हणून नवा आणला होता, हे मला माहीत होतं.

"विहिरीवरच्या पंपाची पावती पोटमाळ्यावर, पंचांगांच्या गठ्ठ्यात आहे. गॅरंटी मार्च 2024 पर्यंत. दादाला सांग, तो विसरेल."