पुढे म्हणजे नक्की कुठे?

‘तातडीच्या कारणामुळे रविवारची सभा पुढे घेतली आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’

मे महिन्याच्या अखेरीस, मंगळवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या समितीला सचिवांकडून हा निरोप आला. नऊ जणांपैकी चौघांनी सभा लांबली असं समजून रविवार दुसऱ्या कामांना देऊन टाकला. सचिवांना मात्र सभा गुरुवारी रात्री घ्यायची होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार म्हणाला होता, ‘माझी माणसं शनिवारपासून मोकळी आहेत. शुक्रवारी आगाऊ रकमेचा चेक द्या, नाहीतर मी दुसरं काम धरतो.’ पाऊस तोंडावर होता, म्हणजे कारण खरं होतं. निरोपच चुकला.

मराठीत ‘पुढे ढकलली’ म्हटलं की सभा लांबली, यात कुणाला शंका नसते. ‘पुढे घेतली’, ‘पुढे आणली’ मात्र दोन्ही बाजूंना ओढता येतं. इंग्रजीतही हाच घोळ आहे. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर ती कोणत्या वारी, असा प्रश्न लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांनी लोकांना विचारला होता. त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अशा प्रश्नाला साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. म्हणून सभा अलीकडे आणताना दिशा सांगूच नये. जुना वार-वेळ आणि नवा वार-वेळ शेजारी शेजारी लिहावेत.

पण शब्द सुधारून भागत नाही. सभा लांबवली की लोकांना वेळ मिळतो, अलीकडे आणली की त्यांचा वेळ आपण काढून घेतो. कुणाची पाळी असते, कुणी गावी असतो, कुणाला कागद वाचायचे असतात. त्यामुळे लांबवण्याची सूचना एकवेळ चालेल, अलीकडे आणण्याची विचारणाच हवी. ‘नोंद घ्यावी’ हे या ठिकाणी चुकीचं क्रियापद आहे. ‘जमेल का?’ हे बरोबर.

कायद्यालाही हे कळतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालक मंडळाच्या सभेला किमान सात दिवसांची सूचना लागते. तातडीचं काम असेल तर कमी मुदतीत सभा घेता येते. पण ज्या कंपनीत स्वतंत्र संचालक आहेत, तिथे त्यांच्यापैकी निदान एकजण हजर हवा. नसेल, तर निर्णय सगळ्या संचालकांना कळवायचे आणि निदान एका स्वतंत्र संचालकाने मान्यता दिल्यावरच ते अंतिम. म्हणजे घाई करा, पण घाईच्या आडून कुणाला वगळू नका.

विचारायचं कुणाला, याचाही क्रम असतो. आमच्याकडे चेकवर दोन सह्या लागतात. त्यातली एक खजिनदारांची, आणि ते गुरुवारी नाशिकला ड्युटीवर होते. त्यांना फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. ज्याच्याशिवाय निर्णय अमलात येऊच शकत नाही, त्याला आधी विचारावं, मग ग्रुपवर टाकावं. आम्ही उलट केलं. गुरुवारी पाच जण जमले, नऊ जणांत कोरम कसाबसा झाला, ठराव झाला आणि चेक तसाच पडून राहिला. शुक्रवारी रात्री खजिनदार परतले, तोवर ठेकेदाराची माणसं दुसरीकडे लागली होती. जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात बादल्या ठेवाव्या लागल्या. त्याचा मला अजून राग येतो.

तो निरोप असा हवा होता:

‘रविवारी सकाळी १० ची समिती सभा गुरुवारी रात्री ९ ला घेता येईल का? वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला शुक्रवारी चेक हवा आहे, नाहीतर तो पावसाआधी येणार नाही. गुरुवारी फक्त हा विषय, अर्धा तास. बाकीचे विषय ठरल्याप्रमाणे रविवारीच. खजिनदारांशी बोललो आहे, ते बुधवारी सकाळी निघण्यापूर्वी चेकवर सही करून ठेवतील, चेक ठरावानंतरच द्यायचा. दोन्ही कोटेशन सोबत आहेत. जमेल की नाही ते उद्या दुपारी १२ पर्यंत कळवा. येता येत नसेल तर फोनवर मत सांगा. पाच जणांचं जमलं नाही, तर ठेकेदाराकडे दोन दिवस मागून बघतो.’

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘फक्त हा विषय’. तातडी एका विषयाची असते, अख्ख्या विषयपत्रिकेची नाही. पार्किंगचा जुना वाद त्याच गुरुवारी उरकून टाकायला गेलात, तर न आलेल्यांना डाव वाटेल आणि त्यांचं चुकणार नाही. कारण एका ओळीत पुरतं, पण ते खरं कारण हवं. नुसतं ‘तातडीचं’ म्हटलं की माणसं भलतेच अंदाज बांधतात.

आणि दोन निळ्या टिका म्हणजे होकार नव्हे. बारा वाजता ज्यांचं उत्तर आलेलं नाही, त्यांना फोन लावायचा.