बारा हप्त्यांचा दीपोत्सव

दिवाळीच्या बोनसला उद्देशून लिहिले जाणारे जाहिरातीचे गद्य हा मराठी वाङ्मयाचा दुर्लक्षित प्रकार असून, त्यात मासिक हप्ता हातभर उंचीच्या अक्षरांत, वस्तूची किंमत बोटभर अक्षरांत आणि ग्राहकाच्या खिशातून वर्षभरात जाणारी एकूण रक्कम मुळीच नाही, असा छपाईचा संकेत निष्ठेने पाळला जातो. या गद्याचा नायक बोनस असतो. परंतु कायद्याने ठरवलेला किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, जिथे महिना ७,००० रुपये धरून मोजला जातो, तिथे हा नायक जेमतेम ७,००० रुपयांचा भरतो आणि ४८,००० रुपयांच्या टीव्हीसमोर उभा राहिल्यावर दुसऱ्या हप्त्यातच धारातीर्थी पडतो. उरलेले दहा हप्ते ज्या पगारातून जायचे असतात, त्याचा जाहिरातीत उल्लेख नसतो, कारण पगाराला आकाशकंदील शोभत नाही.

या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय रचना म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’. टीव्हीची किंमत ४८,००० रुपये, हप्ते बारा, प्रत्येकी ४,००० रुपये. गुणाकार चौथीतल्या मुलालाही जमतो आणि व्याज कुठेच सापडत नाही. ते सापडत नाही, कारण ते किमतीच्या पोटात असते. हाच टीव्ही रोखीने घेणाऱ्याला दुकानदार थोड्या घासाघिशीनंतर ४५,००० रुपयांत देतो, असे धरले तर हप्त्यावाल्याच्या वाट्याची ३,००० रुपयांची सवलत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे व्याज म्हणून वळलेली असते. कागदावर कर्ज ४५,००० रुपयांचे आणि परतफेड ४८,००० रुपयांची दिसते, ती यामुळेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, आणि विक्रेत्याने सवलत दिली तर ती कर्जाच्या रकमेतून वजा करावी, व्याजदर कमी दाखवण्यासाठी वापरू नये. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीला नवे नाव ठेवणे बाजाराला अर्थातच अवघड गेले नाही.

याखेरीज प्रक्रिया शुल्क, म्हणजे कर्जाचा अर्ज हाताळल्याबद्दल घेतले जाणारे पैसे, ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये धरल्यास एकूण जादा खर्च ३,५९० रुपये होतो. दुकानातील तरुण विक्रेता येथे तत्परतेने सांगतो की हे तर फक्त आठ टक्के झाले. त्याचा भागाकार बरोबर असतो, पण निष्कर्ष चुकतो. ४५,००० रुपये ग्राहकाकडे वर्षभर राहतच नाहीत. दर महिन्याला त्यांतले काही परत जातात, त्यामुळे सरासरीने वर्षभर त्याच्याकडे निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम असते, आणि त्या घटत्या रकमेवर हिशेब केला तर वार्षिक दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास निघतो. मात्र रोखीवर खरोखरच एक रुपयाही सुटत नसेल, तर जादा खर्च केवळ ५९० रुपयांचा राहतो आणि तेव्हा हप्ता नाकारणारा माणूस तत्त्वनिष्ठ असला, तरी हिशेबी म्हणता येत नाही. म्हणून दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न ‘हप्ता किती?’ हा नसून ‘रोख दिले तर किती?’ हा असतो, आणि तो विचारताच विक्रेत्याला व्यवस्थापकांशी बोलून यावे लागते, हे सवलत शून्य नसल्याचे भरवशाचे लक्षण होय.

वार्षिक दराचा हा आकडा आता काढत बसावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे सक्तीचे असून, व्याज आणि शुल्क एकत्र करून काढलेला वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. क्रेडिट कार्डावरील येणे मात्र या नियमाबाहेर आहे, आणि कार्डावरच्या हप्त्यांतील व्याजावर जीएसटी वेगळा लागतो. हे पत्रक सहीच्या आधी वाचायचे असते, पण दुकानात ते बहुधा मोबाइलवर ओटीपीच्या पाठोपाठ येते आणि मागे रांगेतले काका घसा खाकरत असतात.

एखाद्या धीट दुकानदाराने खरे आवाहन छापायचे ठरवले, तर ते असे होईल: ‘ग्राहकहो, हा टीव्ही रोखीने ४५,००० रुपयांना मिळेल. बारा हप्त्यांत घेतल्यास शुल्कासह ४८,५९० रुपये पडतील. म्हणजे ३,५९० रुपये जास्त, वर्षाला सुमारे साडेचौदा टक्के. शेवटचा हप्ता पुढच्या दिवाळीच्या तोंडावर जाईल. पटत असेल तर या, फराळ ठेवला आहे.’ असा फलक लावल्यास शेजारचे दुकानदार काही दिवस त्याच्याशी बोलणार नाहीत. गिऱ्हाईक मात्र आत येईल, फराळ संपवील, आणि ४५,००० चे ४४,५०० होतात का, ते विचारील.