टॅलीराव

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण आमच्या सोसायटीत ते कुणी वाचत नाही. डोंबिवलीतल्या या जुन्या इमारतीत ते टॅलीराव म्हणूनच ओळखले जातात. ठाण्याला एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहेत आणि कॅश टॅली झाल्याशिवाय शाखेतून पाय काढत नाहीत. यात वावगं काही नाही. पंचाईत एवढीच, की पैशांचा हिशोब ते शाखेत मिटवतात आणि बाकीचा सगळा तसाच उचलून घरी आणतात.

त्यांची आणि आमची भिंत एक. भिंत बिल्डरने बांधलेली असल्यामुळे तिच्याआड फारसं काही राहत नाही. शिवाय वहिनींचं आमच्या घरी येणं-जाणं आहे, त्यामुळे जे भिंतीतून ऐकू येत नाही तेही कळतं. टॅलीरावांचा दिवस कसा गेला हे वहिनी बॅगेवरून ओळखतात. बॅग खुंटीला लागली तर दिवस बरा. सोफ्यावर पडली तर कामाने पिट्टा पाडलेला. आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून टॅलीराव थेट बाथरूमचा गीझर चालू आहे का हे बघायला गेले, तर आज मोठ्या साहेबांनी काहीतरी ऐकवलेलं आहे आणि आमटीला मीठ कमी पडणार आहे. मीठ नेहमीएवढंच असतं.

आता शाखेत काय होतं हेही सांगायला हवं, नाहीतर माणसावर अन्याय होईल. नोव्हेंबरातलाच एक दिवस घ्या. सकाळी दार उघडायच्या आत पेन्शनरांची रांग, कारण हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो. अकराला सर्व्हर झोपला. बाराला पासबुक छापायचं मशीन एका आजींचं पासबुक तोंडात धरून बसलं आणि सोडेना. दुपारी कॅशला तीनशे साठ रुपयांचा डिफरन्स निघाला. टेलर मुलगी रडकुंडीला आली, पण टॅलीराव शांत. म्हणाले, "तीनशे साठला नऊने भाग जातो ना? मग बहुतेक दोन आकडे उलटे पडलेत. तसं व्हाउचर शोध." दहा मिनिटांत सापडलं. ४,७३० रुपयांच्या व्हाउचरची नोंद ४,३७० अशी झाली होती. त्या मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट चहा मागवला.

इथवर टॅलीराव म्हणजे संतमाणूस. मग साडेसहाला विभागीय कार्यालयाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर वीसेक शाखाधिकारी चौकटीचौकटीत बसलेले आणि मोठे साहेब एकेकाला उभं करत होते. विषय कर्जाचा नव्हता, ठेवींचा नव्हता, विमा पॉलिसी किती खपवल्या हा होता. टॅलीरावांचे शाखाधिकारी रजेवर, म्हणून खुर्चीत हे. "तुमची शाखा तळाला का?" असं विचारल्यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दिवसभर तीन माणसं पेन्शनर सांभाळत होती, सर्व्हर झोपला होता, आणि दाखला द्यायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला पॉलिसी कोणत्या तोंडाने विकायची? यातलं काही न बोलता टॅलीराव म्हणाले, "होईल सर." न बोललेली ती सगळी वाक्यं घेऊन त्यांनी ठाण्याला सातची गाडी पकडली. गाडीत उभं राहायला जागा नसते, भांडायलाही नसते. वाक्यं डोंबिवलीला जशीच्या तशी उतरली.

अमेरिकेत रीना रेपेटी या संशोधिकेने विमानवाहतूक नियंत्रकांचा आणि त्यांच्या घरांचा अभ्यास केला, तो १९८९ आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की कामाचा नुसता डोंगर असला की ही माणसं घरी येऊन गप्प बसत, कुणात मिसळत नसत. पण वरिष्ठांशी किंवा सहकाऱ्यांशी खटकलं, की त्या दिवशी मुलांवर जास्त चिडत. मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सोफा आणि गीझर. याच्यासाठी विमानतळावर कशाला जायचं?"

आमच्या टॅलीरावांची अडचण खरं म्हणजे त्यांच्याच भाषेत सांगता येते. एखादी रक्कम कोणत्या खात्याला टाकायची हे कळलं नाही, की बँकेत ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवतात. नियम असा, की तिचा माग काढून ती लवकरात लवकर योग्य खात्याला न्यायची. सस्पेन्समध्ये जुन्या नोंदी साठल्या की ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो. साहेबांच्या नावे टाकायचा राग साहेबांच्या नावे टाकता येत नाही. मग तो घरी येतो आणि जो समोर दिसेल त्याच्या नावे पडतो. घराचं ऑडिट मात्र कुणी करत नाही.

त्या रात्रीची नोंद गीझरच्या खात्याला पडली. "कोणी चालू ठेवलाय हा? वीज काय आपल्या बापाची आहे?" आतल्या खोलीत बाप बसलेला होता, तो दचकला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्याचसाठी लावलाय, आंघोळीला." आता खरं तर विषय संपायला हवा. पण राग कारणापेक्षा मोठा असला की एका कारणात मावत नाही, त्याला दुसरं लागतं. गीझरवरून गाडी चपलांवर आली, चपलांवरून मुलाच्या दप्तरावर, आणि तिथून "मी घरात नसलो की इथे शिस्त म्हणून काही राहत नाही" या वाक्यावर. हे वाक्य आलं की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो, कारण यानंतरचं ऐकणं सभ्यतेला धरून नाही.

वहिनी स्वतः शाळेत शिकवतात. त्या दिवशी त्या मतदार यादीच्या कामासाठी दुपारभर जिने चढून-उतरून आलेल्या होत्या. दोन दारं तोंडावर आपटली गेली होती आणि एका कुत्र्याने त्यांचं मनापासून स्वागत केलं होतं. हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला वेळ कुठे मिळतो? त्या घरात चिडायचा मान आधी येणाऱ्याला नाही, जास्त मोठ्याने बोलणाऱ्याला आहे. वहिनींचा नंबर लागेपर्यंत कुकर लावायची वेळ झालेली असते. त्या रात्री मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "नऊने भाग देऊन व्हाउचर शोधता ना तुम्ही? मग याचंही शोधा. गीझरपाशी सापडणार नाही." भिंतीपलीकडे बराच वेळ शांतता होती.

टॅलीराव माफी मागत नाहीत. त्यांच्या पिढीला आणि खात्याला ती सवय नाही. पण साडेदहाच्या सुमाराला ते पाण्याच्या बाटल्या भरू लागतात. मग दारातल्या सगळ्या चपला जोडीने लावतात. मग विचारतात, "गॅसचा नंबर लावायचा राहिलाय का गं?" वहिनी याला रिव्हर्सल एंट्री म्हणतात. त्यांच्या मते रक्कम परत जमा होते, पण पासबुकात आधीची ओळ छापलेली राहते ती राहतेच.

मुलांनी यातून आपापला मार्ग काढला आहे. त्यांना रिझर्व्ह बँकेची सुट्टी शाळेच्या सुट्टीपेक्षा चांगली पाठ आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची, सहलीचे पैसे मागायचे. जून, सप्टेंबर, डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळायचा. मार्चमध्ये तर तापही अंगावर काढायचा. धाकट्याची कंपासपेटी शाळेत हरवली, तर त्याने दहा दिवस दुसऱ्याची वापरली आणि दुसऱ्या शनिवारी सकाळी पोह्यांच्या वेळी ती बातमी दिली. टॅलीराव हसून म्हणाले, "एवढंच ना? मग त्याच दिवशी का नाही बोललास?" मुलाने उत्तर दिलं नाही. थोरली म्हणाली, "बाबा, तीस सप्टेंबर होता." टॅलीरावांना यात मुलीची हुशारी दिसली आणि त्यांनी ती मला कौतुकाने सांगितली. मला कौतुक वाटलं नाही, पण मी तसं म्हणालो नाही. शेजारधर्म.

सगळ्यांत अवघड जागा आजोबांची. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, शहात्तर वर्षांचे. पेन्शन मुलाच्याच शाखेत येते. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो असं त्यांनी पेपरात वाचलं होतं आणि बिचारे दिवसभर त्याच खटपटीत होते. गीझर प्रकरण जरा निवल्यावर त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "अरे, हा डोळा मिचकावा म्हणतोय. कोणता मिचकावू?" टॅलीराव म्हणाले, "बाबा, दिवसभर मी हेच करून आलोय! आता घरीपण?" आजोबा मोबाईल खिशात घालून आत गेले.

ते वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि गोची तिथेच आहे. त्या दिवशी त्यांनी कितीतरी आजोबांना "दोन्ही डोळे, आजोबा. सावकाश. घाई नाही," असं सांगितलं होतं, कारण त्याचा पगार मिळतो आणि तक्रार झाली तर उत्तर द्यावं लागतं. बापाला तक्रारपेटी नाही.

पुढचं मला आजोबांनीच गेटजवळच्या बाकावर बसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सून शाळेत गेल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, अकराची गाडी पकडली आणि ठाण्याला शाखेत जाऊन टोकन घेतलं. ओळख दाखवली नाही. गांधीजींच्या नावावर खपवलेलं, ग्राहकाच्या मोठेपणाचं ते वचन तिथे भिंतीवर होतं. ते त्यांनी नंबर येईपर्यंत दोनदा वाचून काढलं. नंबर आला. टॅलीराव मान खाली घालूनच म्हणाले, "या आजोबा, बसा. काय काम?" आणि मग वर बघितलं.

"दोन्ही डोळे की एक, एवढंच विचारायचंय," आजोबा म्हणाले. "घरी साहेबांना वेळ नव्हता."

टॅलीराव काही बोलले नाहीत. उठून बाहेर आले, बापाशेजारी खुर्ची ओढून बसले, मोबाईल समोर धरला आणि म्हणाले, "दोन्ही. सावकाश." तिसऱ्या खेपेला जमलं. चहा आला. आजोबांचं लक्ष टेबलावरच्या विम्याच्या तक्त्याकडे गेलं. शाखेच्या नावापुढे लाल रंग.

"हे आहे का कालचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझ्या नावाने काढ एक पॉलिसी. तुझं टार्गेट होईल."

"बाबा, तुमचं वय बसत नाही त्यात."

आजोबांनी बशीतला चहा संपवला. "मग तुझ्या त्या साहेबाच्या नावाने काढ," ते म्हणाले. "त्याचं बसत असेल. आणि वारस म्हणून गीझरचं नाव लाव."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो साहेब, सत्तेचाळीस नंबर कधीचा झालाय!" टॅलीराव तोवर हसायला लागले होते, आणि ग्राहकाकडे वळताना त्यांना आवरायला जरा वेळ लागला.