बोळवण

पंपांची माहितीपत्रकं आणि औषधांच्या खोक्यांतले कागद मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शब्दागणिक पैसे. त्यामुळे टोरांटोच्या आतेभावाच्या लेकीने माझ्या आजीच्या एका पत्राचा फोटो पाठवून "काका, याचं इंग्रजी करून द्याल?" असं विचारलं, तेव्हा मी तोऱ्यातच "संध्याकाळी देतो" म्हणालो.

निळं आंतर्देशीय पत्र, 1973 सालचं, आजीने आत्याला लिहिलेलं. मायना, म्हैस, न आलेला पाऊस, आशीर्वाद. सगळं सरळ होतं, हे एक वाक्य सोडून : "यंदा तुझी बोळवणच केली, मनाला लावून घेऊ नको."

मी 'फेअरवेल' लिहून मोकळा झालो. लगेच उत्तर आलं, "पणजीआजी कुठल्या ऑफिसात होत्या?" मग मी 'निरोपाच्या भेटवस्तू' असं काहीतरी केलं. त्यावर तिचा प्रश्न असा, की भेटवस्तू दिल्या, तर माफी कसली मागते? प्रश्न रास्त होता. म्हणून फारच राग आला.

मोल्सवर्थचा कोश काढला, 1857 च्या आवृत्तीचा. वजनदार ग्रंथ, मांडीला मुंग्या आल्या, अर्थ काही मांडीत पडला नाही. शेवटी आत्यालाच फोन लावला. हे आधी का सुचलं नाही, हे आत्याने सविस्तर विचारलं. मग म्हणाली, "अरे, लेक सासरी निघाली की लुगडं, खणा-नारळाची ओटी आणि लाडवांची दुरडी द्यायची. दुरडी सासरी गल्लीभर वाटली जायची, माहेरची पत त्यावर ठरायची. त्या वर्षी दुष्काळ. रेशनवर लाल मिलो, रोजगार हमीसारख्या कामांवर सुकडी. साखर कुठली? आईने नारळ आणि खण दिला, वेशीपर्यंत आली."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अडचण 'बोळवण'मध्ये नव्हतीच, तिच्या शेपटाशी चिकटलेल्या 'च'मध्ये होती. 'बोळवण केली' म्हणजे रीत पाळली. 'बोळवणच केली' म्हणजे थोडक्यात कटवलं. आजीने एकाच शब्दात दोन्ही सांगितलं होतं आणि वर स्वतःलाच टोमणा मारला होता. इंग्रजीत 'ओन्ली' घातलं तर टोमणा जातो, नाही घातलं तर दुष्काळ जातो.

अखेर शब्द तसाच ठेवला आणि खाली टीप दिली. दुरडी, ओटी, मिलो, वेस आणि 'च' समजावताना टीप पत्राच्या दुप्पट झाली. पुतणीला ती आवडली. हिशेबासाठी शब्द मोजले, तेव्हा ती म्हणाली, "टीप तुमची, पत्र पणजीचं; पैसे पत्राचे."

तेही तिने अजून दिलेले नाहीत. माझीही बोळवणच झाली.