साक्याची जप्ती

कॉफी उकळून प्यावी की गाळून प्यावी या वादाचा निकाल जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी राहणाऱ्या मेलिटा बेन्ट्झ नावाच्या एका गृहिणीने १९०८ साली, मुलाच्या वहीतला टीपकागद फाडून व एका भांड्याच्या बुडाला भोके पाडून, जवळजवळ कायमचा लावून टाकला, हे मला मान्य आहे. परंतु ज्या निकालात उकळणाऱ्यांच्या पक्षाचे म्हणणे धड ऐकूनच घेतले गेले नाही, तो निकाल न्याय्य कसा म्हणावा, अशी शंका मला हल्ली वारंवार येऊ लागली आहे. तिचे कारण एक अंडे आहे. आमच्या घराण्यात सात पिढ्या अंड्याशी कोणताही व्यवहार झालेला नसल्यामुळे, त्याची वकिली करण्याचा प्रसंग माझ्यावर यावा यात दैवाची काहीशी थट्टा आहे, हे मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो.

उकळलेल्या कॉफीवरचा मूळ आरोप असा, की तिच्यात साका राहतो. जाड रवा आपल्या वजनाने तळाशी बसतो, त्याबद्दल फारशी तक्रार नाही. पण दळताना जे पिठासारखे बारीक कण निर्माण होतात ते खालीही बसत नाहीत आणि वरही येत नाहीत, तर न्यायालयाच्या आवारातील रिकामटेकड्या साक्षीदारांप्रमाणे मधल्या मधे तरंगत राहून पेला गढूळ करतात व घोट घशाखाली उतरताना आपली उपस्थिती जाणवून देतात. या कणांचा बंदोबस्त करण्यासाठी निरनिराळ्या मुलखांत निरनिराळे उपाय निघाले. स्वीडन-नॉर्वेकडील मंडळी उकळत्या किटलीत माशाच्या वाळवलेल्या कातड्याचा तुकडा टाकीत. इतरत्र माशाच्या पोटातील वायुकोशापासून काढलेला जिलेटिनासारखा पदार्थ वापरीत. आणि अमेरिकेतील सुगृहिणीने, घरामागे कोंबड्या असल्यामुळे असेल, अंड्याचा स्वीकार केला. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल नावाच्या व्यापाऱ्याने तर १८६८ साली भाजलेल्या कॉफीच्या बियांवर अंडे व साखर यांचा लेप चढवण्याच्या युक्तीचे पेटंटच मिळवले, म्हणजे बियांचा स्वाद आत कोंडून राहावा आणि उकळताना तोच लेप साकाही धरून ठेवील, अशी दुहेरी सोय. आणि ही कॉफी पश्चिमेकडील गुराख्यांच्या शेकोट्यांपर्यंत जाऊन पोहोचली.

माझी कन्या मिनेसोटा संस्थानात, सेंट पॉल नगरी नांदते. त्या प्रांती नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या लोकांचे वंशज विपुल असून, त्यांच्या ल्यूथरपंथी चर्चच्या तळघरात लग्न असो, बारसे असो वा मयत असो, प्रचंड किटल्यांतून ही अंड्याची कॉफी वाटली जाते. ऑगस्टअखेरीस तेथे जी मोठी राज्यजत्रा भरते तिच्यात सेलम नावाच्या एका ल्यूथरन चर्चचे कॉफीचे दुकान १९४९ पासून आहे, आणि तेथे हीच कॉफी ‘स्वीडिश’ म्हणून मिळते. गंमत अशी, की प्रत्यक्ष स्वीडनमधल्या माणसाला तिचे नाव सांगितले तर तो बहुधा चकित होऊन आपल्याकडे पाहतो. कारण त्याच्या आजीला माशाचे कातडे ठाऊक होते, अंडे नव्हे. समुद्र ओलांडला की रीत बदलते आणि तिच्यावरचा हक्क मात्र अधिक कडक होतो, याचा अनुभव परदेशातील आमच्या गणेशोत्सवांची वर्गणी दिलेल्या कोणालाही असेल.

कन्येच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध नॉर्वेजियन बाईंनी मला ही विद्या दिली, तरी तिचा लेखी दस्तऐवज मला फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या बोस्टनच्या पाकशास्त्रात सापडला, आणि कारकुनी पेशात आयुष्य गेल्यामुळे माझी श्रद्धा तोंडी परंपरेपेक्षा दस्तऐवजावर अधिक बसली. त्यातील प्रमाण असे: एक पेला जाडसर दळलेली कॉफी, एक पेला थंड पाणी, एक अंडे आणि सहा पेले उकळते पाणी. पेला अमेरिकन, म्हणजे पाव लिटरहून किंचित लहान. अंडे आधी धुऊन घ्यावे, मग फोडून हलकेच फेटावे, त्यात थंड पाण्यापैकी निम्मे घालावे, टरफल चुरडून टाकावे आणि हे सर्व कॉफीच्या भुकटीत असे कालवावे की प्रत्येक कणाला अंड्याचा हात लागेल. तयार होणारा गोळा, खरे सांगायचे तर, कुंडीत भरण्यालायक ओल्या मातीसारखा दिसतो, आणि याच टप्प्यावर अनेक जिज्ञासूंची जिज्ञासा संपते. तो भांड्यात घालून वर उकळते पाणी ओतावे, नीट ढवळावे आणि तीन मिनिटे उकळू द्यावे. किटलीच्या तोटीत मऊ कागदाचा बोळा कोंबावा, म्हणजे सुगंध पळून जात नाही, हीही फार्मरबाईंचीच आज्ञा. नंतर उरलेले अर्धा पेला थंड पाणी वरून सोडावे आणि किटली मंद उबेवर, उकळी फुटणार नाही अशा जागी, दहा मिनिटे स्वस्थ ठेवावी.

उकळण्याच्या त्या तीन मिनिटांत जे घडते ते पाहण्यासाठी मी चुलीपाशी खुर्ची टाकून बसत असे. प्रथम सगळा ऐवज चिखलासारखा तपकिरी असतो आणि फेस इतक्या उद्दामपणे वर चढतो की भांडे दुप्पट मोठे घेतलेले नसेल तर शेगडी धुण्याचे काम वाढते. मग हळूहळू भुकटीचे काळसर पुंजके बनू लागतात, पुंजक्यांच्या मधून द्रव दिसू लागतो, आणि तो द्रव मघाचा गढूळ राहिलेला नसून जुन्या मधाच्या रंगाचा, आरपार पाहता येईल असा झालेला असतो. थंड पाणी पडताच हे पुंजके एखाद्या हुकमासरशी तळ गाठतात.

कारण असे, की अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिने गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखी असतात. उष्णता लागताच ती उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. मुख्य प्रथिन ऐंशी अंशांच्या सुमारास गोठते. हे जाळे बारीक कणांवर बेलिफाप्रमाणे जप्ती आणते; शिवाय कॉफीतील जी तुरट-कडवट द्रव्ये जिभेला कोरडी ओढ लावतात त्यांनाही प्रथिनाची ओढ असल्यामुळे, त्यांतील काही भाग याच जप्तीत सापडतो. म्हणून ही कॉफी केवळ निर्मळ दिसत नाही, तर चवीलाही मऊ लागते. पिवळ्या बलकाचे या कामी विशेष कर्तृत्व नाही. तो नातवाला द्यावा आणि नुसता पांढरा वापरावा, तरी चालते. टरफलाचा जो मोठा लौकिक आहे त्यावर तर फार्मरबाईंनी स्वतःच पाणी ओतले आहे: टरफल काही करीत नाही, त्याला चिकटून राहिलेला पांढरा बलक करतो.

हे यंत्र बिघडते कसे, याचे प्रात्यक्षिक आमच्या जावईबापूंनी, अभियंता असल्यामुळे कृती न वाचता, करून दाखवले. त्यांनी अंडे भुकटीत न कालवता सरळ उकळत्या पाण्यात सोडले. पाण्याचा स्पर्श होताच ते कणांची वाट न पाहता स्वतःशीच गोठले, आणि गढूळ कॉफीत पांढऱ्या चिंध्या तरंगणारे एक पेय निष्पन्न झाले, ज्याला भुर्जी म्हणावे की काढा, यावर घरात मतभेद राहिले. थंड पाण्यात आधी कालवण्याचा हेतू नेमका हाच आहे, की जाळे पसरण्यापूर्वी मासे जाळ्यात असावेत. उकळणे आखडते घेतले तर कॉफी धुरकट राहते. हौसेने लांबवले तर कडू होते. आणि एकाच्या जागी तीन अंडी घातली तर कडवटपणाबरोबर कॉफीपणाही जप्त होऊन हाती कोमट सभ्यता तेवढी उरते. आपल्याकडची चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड येथे निरुपयोगी, कारण चिकोरीचा काळा रंग पाण्यात विरघळलेला असतो, आणि जे विरघळले त्यावर बेलिफाचा अंमल चालत नाही.

आता खरा खटला. आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणीकडे या कॉफीचे दोन पेले प्राशन करून, “हिची कॉफी किती हलकी लागते हो!” असा अभिप्राय दिल्यानंतर तिचा तपशील त्यांना कळला. कन्येने बचावाचे भाषण केले: “आई, अंडं साक्याबरोबर तळाशी गेलं, पेल्यात काही उरतच नाही.” शास्त्रदृष्ट्या हा दावा पुरता टिकणारा नव्हता, कारण प्रथिनाचा अंश राहू शकतो, आणि ज्यांना अंडे बाधते त्यांनी या कॉफीच्या वाटेला जाऊ नये हेच शहाणपणाचे. सौभाग्यवतींनी शास्त्राला स्पर्शही न करता सांगितले, “शिरलं तेव्हाच बाटली. गेलं म्हणून काय झालं?” जावईबापूंनी मदतीला येऊन सांगितले, की बोर्डो प्रांती तांबडी वाइनही अंड्याच्या पांढऱ्या बलकानेच निवळतात, पण याने अंड्याची बाजू बळकट न होता जावईबापूंच्या कपाटाची झडती तेवढी सुरू झाली.

तेव्हा मी माहेरचा आधार घेतला. सौभाग्यवती कोल्हापूरकडच्या. तेथील गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, तो रसातला मळ बांधून वर आणतो, आणि ती मळी झाऱ्याने काढली की गूळ स्वच्छ उतरतो. तत्त्व तेच, फरक एवढाच की तिथे मळी तरंगते आणि येथे कॉफीच्या वजनाने ती बुडते. मग गूळ खाताना आपण भेंडी खाल्ली असे कोणी म्हणतो काय?

“भेंडी खाल्ली तर बिघडतं कुठं?” एवढेच उत्तर आले, आणि माझा सबंध युक्तिवाद निकालात निघाला.

अखेरीस तहनामा झाला. अंड्याची किटली स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर, ओटीवर राहील. तिचे तळाचे लगदे जावईबापू स्वहस्ते काढून टोमॅटोच्या वाफ्यात पुरतील. आणि सौभाग्यवतींसाठी कागदातून गाळलेली कॉफी वेगळी होईल. तहातील सर्व कलमे कसोशीने पाळली जातात. शेजारणीकडे जाण्याबद्दल मात्र त्यात कोणतेही कलम नाही, आणि सौभाग्यवती हल्ली विणकाम शिकण्याच्या निमित्ताने तिकडे रोज दुपारी जातात.