दोन मिनिटांचा आयटम

गॅदरिंगची छापील पत्रिका हातात पडली की मी आधी उद्घाटकांचं नाव वाचत नाही, आयटम मोजतो. यंदा आमच्या खाप्यातल्या पुतणीच्या शाळेच्या पत्रिकेत एकोणचाळीस निघाले. नर्सरीपासून दहावीपर्यंत तेरा वर्ग, प्रत्येकी तीन तुकड्या, आणि दर तुकडीचा एक नाच. एकही तुकडी सोडायची नाही. सोडली तर त्या तुकडीचे पालक सोडत नाहीत.

हिशेब सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावरच मांडला होता म्हणे. एका आयटमला तीन मिनिटं, एकोणचाळीस त्रिक एकशे सतरा, म्हणजे दोन तासांना तीन मिनिटं कमी. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल, भाषणं यांना पाऊण तास. पाचला सुरू, पावणेआठला समाप्त, आठच्या आत सगळे घरी वरण-भाताला. गणित बरोबर आहे. गणिताच्याच सरांनी केलंय.

फक्त एक गोष्ट त्यात नाही. पहिला नाच संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्याच्या मधलं काहीच नाही. सरांच्या फळ्यावर नर्सरी 'अ'ची फुलपाखरं गाणं संपताक्षणी हवेत विरतात आणि त्याच क्षणी नर्सरी 'ब'चे ससे जमिनीतून उगवतात.

प्रत्यक्षात काय होतं? गाणं संपतं. फुलपाखरं जागची हलत नाहीत, कारण समोर आई मोबाइल धरून उभी आहे. बाई विंगेतून 'चला, चला' म्हणतात. तीन फुलपाखरं चुकीच्या बाजूने निघतात, जिथून ससे आत येताहेत. एका सशाचा कान पडतो. साउंडवाला पोरगा पेनड्राइव्हवर पुढचं गाणं शोधतो, आणि तिथे 1.mp3 च्या खाली 10.mp3 असतं, कारण यंत्राला दोन आणि दहातला फरक आपल्यासारखा कळत नाही. 01, 02 अशी नावं द्या हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ससे उभे आहेत आणि लागलंय पहिली 'अ'चं शेतकरी गीत. ससेही नांगर धरल्यासारखं करू लागतात. या सगळ्याला घड्याळ लावून मोजलं तर सरासरी दोन मिनिटं लागतात. मी मोजलीत. गेल्या वर्षी दुसरं करायला काही नव्हतं.

एकोणचाळीस आयटममध्ये अडतीस फटी. अडतीस दुणे शहात्तर. म्हणजे सव्वा तासाचा एक अख्खा कार्यक्रम या शाळेत दरवर्षी होतो, जो पत्रिकेत छापत नाहीत, ज्याला बक्षीस नाही, आणि ज्याची तालीम एकदाही झालेली नसते. तालमी नाचाच्या होतात. जेवणाच्या सुट्टीनंतरचे दोन तास त्यासाठी दिलेले. पस्तीस मिनिटांचे, म्हणजे सत्तर मिनिटांत उठबस धरून चौदा आयटम. एक फेरी व्हायला तीन दिवस. पंधरा दिवसांत प्रत्येक तुकडी पाचदा स्टेजवर चढते. पण चढते कशी? मैदानातून नाव पुकारून, निवांत. नाचते, उतरते, वर्गात जाते. आधीचे उतरत असताना चढायचं, हे त्या लेकरांनी खऱ्या रात्रीच पहिल्यांदा पाहिलेलं असतं. रंगीत तालमीतही सगळं रंगीत असतं, फक्त क्रम नसतो: ज्यांचे ड्रेस नागपूरहून आले ते आधी.

मी एका बाईंना म्हटलं, सगळ्यांनी डावीकडूनच चढा, उजवीकडूनच उतरा, पुढच्या दोन तुकड्या विंगेत उभ्याच ठेवा, निवेदन त्या वेळातच उरका. एक दिवस नाच नका करू, नुसतं चढा-उतरा. दोन मिनिटांचं अर्धं मिनिट होईल. बाई म्हणाल्या, "भाऊजी, नाच नाही करायचा तं तालीम कायची?"

बरोबर आहे. शिवाय माझ्या उपायात एक भानगड आहे, ती मला रात्री झोपताना कळली. आमची पुतणी सातवी 'अ'मध्ये कोळीनृत्यात आहे, नंबर अठ्ठावीस. नाच बरा येतो म्हणून तिला 'क'च्या भांगड्यात उसनी घेतली, नंबर तीस. मधे एकच आयटम. म्हणजे उतरल्यापासून चढेपर्यंत दोन, तीन आणि दोन, सात मिनिटं. सात मिनिटांत कोळणीची पंजाबीण करायची: वेणी सोडायची, दागिने, बावीस सेफ्टी पिना, लुगडं, मग सलवार, जाकीट, ओढणी. तिची आई सराव करूनही चौदाच्या खाली आलेली नाही. तिच्यासाठी मधे तीन आयटम हवेत, म्हणजे सतरा मिनिटं मिळतात. पण मी फटी आवळून अर्ध्या मिनिटाच्या केल्या, की तेच तीन आयटम अकरा मिनिटांत उडतात आणि तिला चार लागतात. 'मधे दोन-तीन आयटम ठेवा' असं जे तोंडी ठरतं, ते आयटममध्ये मोजून चालत नाही, मिनिटांत मोजावं लागतं. आणि अशी उसनी पोट्टी एकटी नाही, नऊ आहेत. क्रम लावायच्या आधी त्यांची यादी करावी लागते. यादी कोणी केली? कोणी नाही. क्रम इयत्तेनुसार. हजेरीपटासारखा.

इयत्तेनुसारच का? लहान पोरं झोपतात म्हणून. मान्य. पण नर्सरीचा नाच झाला की नर्सरीचे आईबाप, आजी, दोन मावश्या, ड्रेसच्या पिशव्या घेऊन उठतात, आणि चौथीपर्यंत अर्धा पेंडॉल रिकामा होतो. एकाआड एक मोठ्या वर्गाचा नाच मिसळला असता तर माणसं थोडी तरी बसली असती. आमच्याकडच्या खडी गंमतवाल्यांना विचारा. पडदा नाही, विंग नाही, मधेच माणूस उभा राहतो आणि पुढचं सुरू होतं. लोकांना उठायला फट सापडत नाही.

आता खरा हिशेब. एकशे सतरा अधिक शहात्तर, एकशे त्र्याण्णव मिनिटं. अधिक पाऊण तास. पाचला सुरू केलं तर नऊला दोन मिनिटं कमी. हेही चाललं असतं. पण प्रमुख पाहुणे सहा वाजून दहा मिनिटांनी आले. सत्तर मिनिटं! डिसेंबरच्या थंडीत, कन्हानवरून वारा येतोय, आणि साडेतीन वर्षांची फुलपाखरं पातळ जाळीचे पंख लावून त्यांच्या गाडीची वाट पाहत उभी. स्वेटर घालू देत नाहीत, पंख चुरगळतात. ज्या माणसासाठी लेकरं कुडकुडतात तो माणूस वर चढून वेळेच्या महत्त्वावर बोलतो, आणि आम्ही टाळ्या वाजवतो! मला सांगा, त्यांना बोलावलं नसतं तर कोणता नाच अडला असता? त्यांच्याकरता खुर्ची, शाल, श्रीफळ, आणि पोरांकरता एक हिटर नाही. दिवे पेटवायला गावात काडी लावणारा माणूस मिळत नाही का?

असो. सहा दहाला सुरू, सहा पंचावन्नला पहिलं फुलपाखरू. तिथून दर पाच मिनिटांनी एक. सदतिसावा, दहावी 'अ', नऊ पंचावन्नला सुरू होऊन नऊ अठ्ठावन्नला संपला. अडतिसाव्याची वेळ बरोब्बर दहा. आणि उघड्यावरचा भोंगा रात्री दहाला बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. साउंडवाल्याने वायर काढली.

दहावी 'ब' आणि 'क' विंगेत उभ्या होत्या. त्यांचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. थोड्या वेळाने मैदानात उरले खुर्च्या उचलणारे चौघं आणि मी, कारण सातवीची उसनी पोट्टी अजून पिना काढत होती. गेटबाहेर 'क'चे मावळे सायकली काढत होते, मुंडासी तशीच. उद्या बारापर्यंत ड्रेस परत करायचे, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. एकाच्या तलवारीवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता.