दोन टक्केवाले शेठ

देवळाली कॅम्पात लॅम रोड सोडून हौसन रोडच्या बाजाराकडे वळलात की दर चार दुकानांमागे एक तरी दोन टक्केवाला शेठ भेटतो. प्लायवूड, रंग, नळाचे सामान, माल कोणताही असो. त्याची ओळख बिलाच्या तळाशी छापलेली असते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि 'न्यायक्षेत्र नाशिक' या दोन दमदाट्यांच्या मधोमध एक प्रेमळ ओळ असते: 'मुदत ३० दिवस. १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सी.डी.'

हा शेठ व्याजाचा हाडवैरी. बँकेत वीस लाखांची कॅश क्रेडिट आहे, पण ती वापरायला त्याचा जीव होत नाही. व्याजाचा दर ११ टक्क्यांवरून पावणेअकरा करून घ्यायला त्याने मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेरची खुर्ची झिजवली. एकदा स्टॉक स्टेटमेंटबरोबर भगूरचे पेढेही नेले. सगळी लिमिट वर्षभर वापरली असती, तरी त्या पाव टक्क्याचे होतात पाच हजार. पेढ्यांचा खर्च वजा.

"व्याज म्हणजे उंदीर, रात्री झोपेत पोतं कुरतडतो," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. ऐकवता ऐकवता समोरच्या गिऱ्हाइकाच्या लाखाच्या बिलावर दोन हजारांची काट मारून अठ्ठ्याण्णव हजारांचा चेक गल्ल्यात टाकतो. चेहऱ्यावर तृप्ती. पैसे वीस दिवस आधी आले!

मी त्याच्या वह्या बघतो, म्हणून मला हे दोन हजार दिसतात. त्याला दिसत नाहीत, कारण ते व्याज खात्यात पडत नाहीत. ते पडतात 'वटाव व सूट' खात्यात, दिवाळीच्या मिठाईच्या शेजारी.

बाजारात व्याजाचा हिशेब महिन्याने होतो: शेकडा एक, शेकडा दीड. शेठला याच भाषेत समजावावे म्हणून एकदा विचारले, "शेठ, कुणी म्हणालं तीन रुपये शेकड्याने पैसे देतो, तर घ्याल?"

"तीन? महिन्याला? चपलेने हाणीन त्याला."

"मग वीस दिवसांचे दोन रुपये म्हणजे तीस दिवसांचे किती?"

शेठने बोटांवर मोजले, मग मोजणारी बोटे धोतरात लपवावीत तशी टेबलाखाली नेली. तीन रुपये शेकडा, म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. बरे, त्याच्या हातात शंभर पडतच नाहीत, अठ्ठ्याण्णव पडतात. दोन भागिले अठ्ठ्याण्णव, गुणिले ३६५ भागिले २०, हे केले की आकडा येतो ३७.२ टक्के. चक्रवाढीने धरला तर ४४ च्याही वर. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. आमचा शेठ त्याच्या दुप्पट देतो, तेही हात जोडून, वर चहा पाजून.

तेच अठ्ठ्याण्णव हजार बँकेतून वीस दिवस ११ टक्क्यांनी उचलले असते तर व्याज पडले असते ५९१ रुपये.

यावर शेठ गप्प बसेल, तर तो शेठ कसला! "बँक माझी उधारी वसूल करून देते का? तिसाव्या दिवशी पैसे कोण देतो या कॅम्पात?"

इथे मात्र त्याचे म्हणणे खरे आहे. बिलावरची मुदत तीस दिवसांची असली तरी गिऱ्हाइकाची मुदत गिऱ्हाईक ठरवतो. सिन्नरचा जो दुकानदार एरवी नव्वदाव्या दिवशी पैसे देतो, तो सवलतीच्या मोहाने दहाव्या दिवशी आला, तर शेठने वीस नव्हे, ऐंशी दिवस विकत घेतले. दोन हजार तेच, पण वर्षाचा दर उतरतो ९.३ टक्क्यांवर, बँकेपेक्षा स्वस्त. काटा फिरतो तो साधारण ६८ दिवसांवर. म्हणजे जो माणूस एरवी अठ्ठ्याहत्तराव्या दिवसानंतर उगवतो, त्याला दहाव्या दिवशी आणायला दोन टक्के द्यावेत. त्याच्या आधी येणाऱ्यासाठी बँक बरी. त्यातही बुडण्याची भीती असेल, किंवा बँकेची लिमिट तोंडोतोंड भरलेली असेल, तर ११ टक्क्यांशी तुलनाच लटकी. मग दुसरा पैसा कितीला मिळतो ते बघावे लागते.

पण म्हणून सवलत त्या सिन्नरवाल्याने घ्यावी ना! तो घेत नाही. त्याच्याकडे दहाव्या दिवशी पैसे असते तर तो नव्वद दिवस कशाला लावता? सवलत घेतात ते दुसरेच. एक आहेत तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. घराचे काम चालले आहे. माल उतरला की संध्याकाळी पैसे देतात. उधारी ठेवली तर त्यांना झोप लागत नाही. त्यांनी कधी सवलत मागितली नाही. शेठ त्यांच्यामागे पायरीपर्यंत जाऊन दोन टक्के खिशात कोंबतो. यात शेठने विकत घेतलेले दिवस शून्य, त्यामुळे दर काढायला गेलात तर भागाकारच होत नाही.

दुसरा आहे नाशिकरोडचा ठेकेदार. तो पंचविसाव्या दिवशी चेक पाठवतो, दोन टक्के आपल्या हाताने कापून. शेठ फोन करतो. ठेकेदार म्हणतो, "भाऊ, मधे दोन रविवार आले, एक बँक हॉलिडे, पोरीची परीक्षा. तुमच्या-आमच्यात काय तारखा बघायच्या!" शेठ विरघळतो. पाच दिवसांसाठी दोन टक्के, म्हणजे वर्षाला १४९.

खरी गंमत पुढेच आहे. मुंबईची जी कंपनी शेठला माल पाठवते, तिच्याही बिलावर हीच ओळ आहे, १० दिवसांत २ टक्के. शेठ ती कधी घेत नाही. "उधारी फुकट मिळतेय तर आधी पैसे कशाला अडकवायचे?" त्या लाखाच्या बिलासाठी बँकेतून पैसे उचलून दहाव्या दिवशी दिले असते, तर ५९१ व्याज जाऊन १,४०९ रुपये शिल्लक राहिले असते. पण त्यासाठी व्याज भरावे लागले असते, आणि व्याज म्हणजे उंदीर.

गेल्या वर्षी घरात बी.कॉम. झालेली सून आली. तिने कॉम्प्युटरवर गिऱ्हाईकवार यादी काढली: मागच्या दोन वर्षांत कोण सरासरी किती दिवसांनी पैसे देतो. मग सासऱ्यांसमोर कागद ठेवून म्हणाली, "पप्पा, सरसकट द्यायचीच असेल तर अर्धा टक्का ठेवू या. वीस दिवसांना वर्षाचा दर सव्वानऊच्या आत बसतो. दोन टक्के फक्त या सात जणांना, आणि तारीख उलटली की सी.डी. नाही."

शेठने कागद वाचला, चष्मा काढला. सात जणांची गोष्ट त्याने मान्य केली. तारखेची गोष्ट 'बघू' या खात्यावर टाकली. अर्ध्या टक्क्यावर मात्र तो ताडकन उठला.

"अर्धा टक्का? लाखाला पाचशे? सूनबाई, तीस वर्षं धंदा केला कॅम्पात. पाचशे रुपये काय गिऱ्हाइकाच्या हातावर टेकवायचे? लोक म्हणतील, शेठ बसला!"